उस्तादांच्या कढईतलं मीठ

तुर्गुनबोय उस्तादांच्या खानावळीत गिऱ्हाईक भरपूर आणि गल्ल्यात मात्र काही नाही, हे काय गौडबंगाल आहे, ते झुलहुमोरला शोधून काढायचं होतं. उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या धान्यबाजाराला लागून असलेली ती जागा वसंतात सुटणार होती, कारण मालकाने भाडं वाढवलं होतं. नवरा रशियात विटा रचत होता. तेव्हा शोधणार कोण? सूनच.

ती पिठाच्या गिरणीत हिशेब बघायची, त्यामुळे डोळ्यांपेक्षा काट्यावर तिचा भरवसा जास्त. तिने तीन बादल्या मांडल्या. एकीत सालं आणि चरबीचे तुकडे, दुसरीत कढईत न विकता उरलेलं, तिसरीत ताटांतून परत आलेलं. दुकान बंद झालं की तिन्ही काट्यावर.

"खरकटं तोलतेयस?" सासऱ्यांनी विचारलं. "हे आता कुठलं शास्त्र काढलंस, केलिन?" सुनेला तिथे केलिनच म्हणतात.

"गरिबीचं, ओताजान."

म्हातारा खदखदून हसला. हसू त्यांना पटकन यायचं. चाळीस वर्षं कढईपुढे उभा राहिलेला माणूस. आसपास कुठेही लग्न निघालं की पलावासाठी आधी त्यांना बोलावणं जायचं, मग मुल्लाला.

पहिली गळती झाऱ्यात निघाली. एका कढईतून बत्तीस किलो पलाव उतरायचा. चारशे ग्रॅमच्या हिशेबाने ऐंशी ताटं व्हायला हवीत, होत होती अडुसष्ट. उस्ताद वाढायचे अंदाजाने, आणि त्यांचा अंदाज प्रेमळ होता. दहा लाख सोमच्या मालात ताटामागे साडेबारा हजार पडायला हवेत, तिथे पावणेपंधरा पडत होते. झुलहुमोरने चारशे ग्रॅम बरोबर मावेल असा वाडगा आणला. उस्तादांनी तोंड वाकडं केलं, पण वापरला. ताटं ऐंशी झाली.

आता तिसरी बादली हलकी होईल, असं तिने धरलं होतं. ताट लहान, तर उरणारही कमी, सरळ गोष्ट आहे. पण बादली हलकी होईना. अडुसष्ट मोठी ताटं होती तेव्हा पाच किलो परत यायचं, ऐंशी लहान ताटांतूनही तेवढंच आलं. म्हणजे लोक पोट भरलं म्हणून टाकत नव्हते. मग तिने बादलीत हात घालून पाहिलं. मांस जवळजवळ नाही, चणे नाहीत, नुसता भात आणि गाजर. शिवाय चहाच्या किटल्या पूर्वीपेक्षा दुप्पट जात होत्या.

कढईतलं फक्त उस्तादांनी चाखायचं, घरच्यांनी विक्रीच्या अन्नाला तोंड लावायचं नाही, हा त्या घराचा नेम. लग्न होऊन आल्यापासून झुलहुमोर घरची भाकरी बांधून आणायची. त्या दुपारी मात्र सासरे नमाजला गेल्यावर तिने कढईच्या कडेचा घास तोंडात टाकला, आणि जीभ चरचरली. नुसतं मीठ!

भट्टीपाशी मुहिद्दीन लाकडं सारत होता. उस्तादांचा शागीर्द, स्वतः तीन पोरींचा बाप.

"मुहिद्दीन, तुला ठाऊक होतं?"

तो निखाऱ्यांकडेच बघत राहिला. "हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांना तो ताप आला ना, वहिनी, तेव्हापासून. म्हणतात, हल्ली मिठात दमच नाही. दुकानदार बदलला, मीठ बदललं."

"आणि तू गप्प?"

"मग काय करू? ज्यांनी मला झारा धरायला शिकवलं त्यांना जाऊन सांगू, की उस्ताद, खारट झालंय? तू सांगशील?"

गिऱ्हाइकंही सांगत नव्हती. वडीलधाऱ्या माणसाच्या हातचं नावं ठेवून कोण उठेल? चार घास टाकून ताट सारायचं, छातीवर हात ठेवायचा, 'रहमत उस्ताद, पोट तुडुंब भरलं' असे आभार मानायचे आणि निघायचं. एर्गश कसाई तर उस्तादांचा लंगोटीयार. तो उरलेलं पिशवीत बांधून घ्यायचा, म्हणे बायकोसाठी. त्याची बायको दोन वर्षांपूर्वीच गेली होती, आणि तिच्या दिवसांचा पलाव उस्तादांनीच केला होता. म्हाताऱ्याच्या हेही लक्षात आलं नसेल, की त्यांना ते लक्षात घ्यायचंच नव्हतं? झुलहुमोरला त्या सगळ्या भल्या माणसांचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढईत रस्सा उकळत होता. मांस, कांदा, गाजर शिजलेलं, तांदूळ अजून पडायचा होता. मीठ घालायची वेळ तीच. उस्तादांनी मुठीत मीठ घेतलं.

"ओताजान, थांबा."

तिने सांगितलं. आधी बादलीचं वजन, मग किटल्या, मग आपण चोरून खाल्लेला घास. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"मुहिद्दीन, दोन वाडग्यांत रस्सा काढ," ते म्हणाले. "एकात मीठ टाक, एकात नको. कुठल्यात ते मला सांगू नकोस."

त्यांनी डोळे मिटून चाखलं. एकदा या वाडग्यातलं, एकदा त्या. पुन्हा या. मीठ कुठल्यात ते त्यांना सांगता येईना, तेव्हा झुलहुमोरने वाडगे काढून घेतले.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

मुहिद्दीनने भट्टीत आणखी एक लाकूड सारलं.

"एर्गशलासुद्धा?"

मुहिद्दीनने मान खाली घातली. उस्तादांनी मुठीतलं मीठ परत भांड्यात सोडलं, झारा त्याच्या हातात दिला आणि अंगणातल्या जेवायला बसायच्या लाकडी तख्तावर गिऱ्हाइकासारखे जाऊन बसले.

त्या दिवशीचा पलाव मुहिद्दीनचा. दुपारी तख्तावर उस्ताद, शेजारी एर्गश, भोवती बाजारातली जुनी मंडळी. पहिलं ताट उस्तादांपुढे आलं. मुहिद्दीन हात बांधून उभा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. झुलहुमोरने आतच घास घेऊन पाहिला होता. भीतीने त्याचा हात आखडला होता. पलाव पार अळणी झाला होता.

उस्तादांनी सावकाश घास चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ अगदी बेताचं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा तुझा हात चांगला, लेका."

"वाहवा! वाहवा!" एर्गश म्हणाला, बाकीचेही म्हणाले. मुहिद्दीनचा चेहरा उजळला. झुलहुमोर दारात उभी होती. तिला दिसलं की आता हे असंच चालणार, फक्त झारा दुसऱ्याच्या हातात असणार. उद्याही अळणीच होईल, परवाही, आणि वसंतात जागा जाईल. गप्प बसणं तिला किती सोपं होतं! म्हाताऱ्याला आपल्या शागीर्दाला देण्यासारखं आता ही शाबासकीच तर उरली होती.

"मुहिद्दीन," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मीठ कमी आहे."

सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषांत, सून असं बोलली होती. एर्गशने चहाच्या पेल्यात डोळे घातले. मुहिद्दीनने उस्तादांकडे पाहिलं. तेवढं एक पाहणं तिला आयुष्यभर विसरता येणार नव्हतं.

उस्तादांचा दुसरा घास अर्ध्यावरच थांबला होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला आणि बोटं पुसली.

"खरं असेल," ते म्हणाले. "ती चाखून सांगतेय. मला विचारत जाऊ नका."

मग त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांसारखाच छातीवर हात ठेवला. "रहमत, मुहिद्दीन. पोट भरलं."

ते उठून घराकडे गेले. ताट तसंच भरलेलं होतं. झुलहुमोरने ते उचललं, तिसऱ्या बादलीत रिकामं केलं आणि बादली काट्यावर ठेवून तिथेच रडत बसली.