सगळीकडे तीस

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि जिभेवर 'तीस' होतं. मोतीबिंदू डॉक्टरांनी दाखवून दिला होता, तीस अप्पांनी स्वतः मिळवलं होतं. बस डेपोच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं टायर मोजण्यात गेल्यामुळे टायर या विषयावर आपल्याला कुणी काही शिकवू शकतं, ही शक्यताच त्यांनी निवृत्तीच्या कागदपत्रांसोबत डेपोत जमा करून टाकली होती. "हवा पुढे तीस, मागे तीस. गाडी काय, माणूस काय, समतोल हवा," असं ते म्हणत.

डॉक्टरांनी ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नका म्हटल्यामुळे चावी सुनेकडे आली होती. पण आली होती म्हणजे उसनीच. आत्याला तिच्या नव्या घरी सोडायचं, आणि या प्रवासात सुनेची एक जरी चूक दिसली तर परतीचा डोंगरातला रस्ता मी चालवणार, असं अप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. ते चूक शोधायला निघाले होते. आत्याला सोडणं हे निमित्त. आणि वळणावर समोरचा ट्रक त्यांना दिसेल की नाही, हा प्रश्न सुनेला आठवडाभर झोपू देत नव्हता.

सकाळी सहाला गाडी भरली. माणसं पाच: सून, नवरा, अप्पा, आई आणि आत्या. डिकीत आत्याचं शिलाई मशीन, तीन ट्रंका, बादलीभर भांडी, आणि 'हे मांडीवर चालेल' म्हणून आत्यानेच दिलेलं पण कुणाच्याच मांडीवर न मावलेलं भिंतीवरचं घड्याळ. गाडीचं बूड असं खाली गेलं होतं की ती जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती.

पंप घरापासून दोनच मिनिटांवर होता, म्हणजे टायर अजून थंडच होते. हवावाल्याने नळी उचलली. "सगळीकडे तीस ना?"

"बघा!" अप्पा मागच्या सीटवरून म्हणाले.

"नाही," सून म्हणाली. तिने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या खांबावरचं स्टिकर दाखवलं. डावीकडे तीन माणसांचं चित्र, त्याखाली पुढे तेहतीस, मागे तेहतीस. उजवीकडे पाच माणसं आणि बॅगा, त्याखाली पुढे छत्तीस, मागे एक्केचाळीस.

"एक्केचाळीस?" हवावाल्याने भुवया वर केल्या. "टायर फुटेल ताई."

"कमी असली तर फुटेल. ओझं मागे आहे, म्हणून मागे जास्त."

"कंपनीला काय, स्टिकर चिकटवायला पैसे पडत नाहीत," अप्पा म्हणाले. नवरा खिडकीबाहेर एका कुत्र्याकडे अतिशय रस घेऊन पाहू लागला. बायको आणि वडील यांच्यामध्ये जो माणूस उभा राहतो, त्याला जगात कुठेही कुत्रं सापडतं.

छत्तीस, एक्केचाळीस भरून गाडी निघाली आणि दोन तास शहाण्यासारखी चालली. अप्पांना चूक सापडेना. 

चहाला थांबल्यावर सून हात धुवायला गेली आणि रांगेत अडकली. परत आली तेव्हा अप्पा गाडीपाशी हात पुसत उभे होते, चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान. तिने लक्ष दिलं नाही. ही तिची चूक, पण अप्पांनी शोधलेली नव्हे.

पुढच्या वीस मिनिटांत गाडीला काहीतरी झालं. लेन बदलली की मागची बाजू एक क्षण मागे राहायची आणि मग हेलकावा खाऊन यायची. स्टिअरिंग वळवायचं एकीकडे, उत्तर यायचं उशिरा, सरकारी कचेरीतून आल्यासारखं. एका वळणावर शिलाई मशीनने ट्रंकेला धडक दिली आणि आत्या किंचाळली.

"हात जड आहेत सूनबाईचे," अप्पा समाधानाने म्हणाले. "परतीला मी आहे, काळजी नको."

सुनेचे कान गरम झाले. आपलंच काही चुकतंय का? गाडी तीच, ओझं तेच, रस्ता तोच. मग बदललं काय? तिने पहिली मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि उतरली. मागच्या टायरची कड ओझ्याखाली फुगून बाहेर आली होती. हात जवळ नेला तर टायर तव्यासारखा तापलेला.

"अप्पा, हवेला हात लावलात?"

"लावला म्हणजे? मोजली. माझ्या मीटरवर." अप्पांच्या मीटरचा काटा आणि आकडे दोन्ही भिंतीवरच्या घड्याळाएवढे होते. "मागे पंचेचाळीस झाली होती! तुझ्या त्या एक्केचाळीसपेक्षाही जास्त. फुटलं असतं. चारही चाकांत तीस करून ठेवली."

सुनेने डोळे मिटले. मग उघडले. काही फरक पडला नव्हता.

"चालून टायर तापतो, म्हणून हवेचा आकडा वाढतो. तो वाढायचाच असतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. तुम्ही तापलेल्या टायरमध्ये तीस ठेवलीत, म्हणजे थंड झाल्यावर सव्वीस-सत्तावीस! एवढ्या ओझ्याखाली!"

"डेपोत चौतीस वर्षं..."

"दादा," आत्या आतून म्हणाली, "डेपोत तू टायर मोजायचास म्हणजे किती आहेत ते मोजायचास. हवा भरणारा वेगळा होता."

अप्पांनी मीटर पिशवीत टाकलं.

टायर जरा निवावेत म्हणून तासभर सावलीत थांबावं लागलं. टायरला कुठे चीर गेलीय का, फोड आलाय का, हे सुनेने वाकून वाकून पाहिलं. काही नव्हतं. मग सावकाश पुढच्या पंपापर्यंत गेली आणि मागे चव्वेचाळीस, पुढे एकोणचाळीस भरायला सांगितली.

"आता तूच स्टिकर मोडतेस!" अप्पा उसळले. "एक्केचाळीस लिहिलंय ना?"

"टायर अजून गरम आहे, अप्पा. थंड होईल तेव्हा तिथेच उतरेल. सकाळी मोजू."

"सकाळी एक, दुपारी एक. हे टायर आहेत की पुढारी?"

तिला हसू आलं नाही. दुसऱ्या वेळी आलं असतं. गाडी मात्र परत सरळ चालू लागली.  सरळ चाललेल्या गाडीचं कौतुक करायची पद्धत त्या घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवरा आत्याच्या फळ्या ठोकायला मागे राहिला. सून बाहेर आली तर अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून.

"काल वाटेत गाडी हेलकावली, ती कुणाच्या हातात होती?"

सुनेला म्हणायला दहा वाक्यं होती. रात्री तिने ती पाठच केली होती. पण एवढ्या सकाळी तिच्याकडे भांडण्याचं बळ नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. आज तीन माणसं, सामान नाही. हवा किती ठेवायची, तेवढं स्टिकरवर वाचा. मग निघा."

अप्पांनी दार उघडलं. खांबाकडे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मान मागे नेली, पुढे आणली. आई अंगणात उभी राहून बघत होती. बराच वेळ गेला.

"अक्षर बारीक छापतात हल्ली," अप्पा म्हणाले.

"बाजूला पाच माणसांचं चित्र आहे, तेही?"

अप्पा पुन्हा वाकले. त्यांना चित्रही दिसलं नाही. हे त्यांना आत्ताच कळलं, की आधीपासून ठाऊक होतं, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरले आणि चावी तिच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.

"तेहतीस आहे, अप्पा. चारही चाकांत," सून म्हणाली. "टायर थंड आहेत. कालची हवा जास्त आहे, ती आता सोडायला हवी. तुमचं मीटर आहे ना?"

अप्पांनी पिशवीतून मीटर काढलं. मागच्या चाकाशी बसताना गुडघे वाजले. फुस्स आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

"तीसवर आणू नका हं."

"तेहतीस म्हणजे तेहतीस," अप्पा खालूनच गुरगुरले. "डेपोत चौतीस वर्षं काढलीत मी."

सुनेने बॉनेटवरची चावी उचलली, आत बसली आणि सीट पुढे ओढून घेतली.