पाचातला एक

राघोबा थकला होता, आणि हा थकवा पंप उचलून आलेला नव्हता. पंप तर त्यानं जन्मभर उचलले. विहिरीत उतरून मोटारी बसवल्या, भर उन्हात पाईप जोडले, उधारीसाठी खेड्यापाड्यांतून चपला झिजवल्या, तरी रात्री भाकर खाल्ली की झोप लागायची. आता पोराचं एक वाक्य ऐकलं की अंगातलं बळच निघून जायचं.

आळंदच्या बाजारात राघोबा आणि मल्लिकार्जुन यांचं पंप-पाईपांचं दुकान होतं. हरिओमचा, म्हणजे राघोबाच्या पोराचा, जन्म झाला नव्हता तेव्हापासूनची भागी. बाहेरचं सगळं राघोबाकडं आणि गल्ला मल्लिकार्जुनकडं, ही वाटणीही तेव्हाचीच. भाव ठरवायची रीत सोपी होती. माल ज्या भावात आला त्यात गाडीभाडं धरायचं, त्याची सव्वाई करायची आणि चिठ्ठी चिकटवायची. शंभराची वस्तू सव्वाशेला. सरकारचा कर वेगळा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला घेतल्याचा भाव मल्लिकार्जुन स्वतःच्या खुणेच्या अक्षरांत लिहायचा. ती अक्षरं दोघांनाच वाचता यायची. दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी होती आणि ती खरीही होती. कुणी विचारलंच तर दोघंही सांगायचे, ‘आम्ही पंचवीस टक्क्यांवर धंदा करतो.’

हरिओम गुलबर्ग्याहून बी.कॉम. होऊन आला, दुकानात कम्प्युटर बसला आणि त्या पंचवीस टक्क्यांनीच घात केला.

“आप्पा, महिन्याला विक्री चार लाखाची हाय,” हरिओम एक दिवस म्हणाला. “पंचवीस टक्क्यानं लाख रुपये ऱ्हायला पायजेत. मालाचे पैसे फेडून ऐंशी हजारच ऱ्हायलेत. दर महिन्याला वीस हजार कुठं जायलेत?”

“आण्णा तसा माणूस न्हाई,” राघोबा म्हणाला. मल्लिकार्जुनला तो आण्णा म्हणायचा.

पुढच्या महिन्यात तेच झालं आणि राघोबानं तेच उत्तर दिलं, पण जरा हळू. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यानं स्वतःच आकडा पुन्हा विचारला. मनात एकदा पाल चुकचुकली की माणूस कसा होतो पाहा. ज्या गल्ल्याकडं त्यानं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, त्या गल्ल्याचा खण उघडला की त्याचे कान टवकारू लागले. मल्लिकार्जुन नोटा मोजताना अंगठा जिभेला लावायचा, तेही त्याला खटकू लागलं. स्वतःची लाज वाटायची आणि तरी नजर तिकडंच जायची.

शेवटी हरिओमनं आकड्यांचा कागद काढला आणि सरळ मल्लिकार्जुनपुढं ठेवला. “काका, महिन्याला वीस हजाराचा मेळ लागंना.” आवाजात अदब होती, पण अर्थ कुणालाही कळला असता. राघोबा तिथंच स्टुलावर बसला होता. एक शब्द बोलायची गरज होती, आणि तो मोबाईल काढून हवामान बघत बसला. मल्लिकार्जुननं चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “बघतो बाळा. माझंच कुठंतरी चुकायलंय.”

त्या महिन्याला बरोबर एक लाख राहिले. त्याच्या पुढच्या महिन्यालाही.

“बघा,” हरिओम म्हणाला, “विचारलं की बंद झालं.”

राघोबाला वाटलं होतं की पैसे जुळले तर जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. पैसे कमी होते तोवर शंका होती. पैसे जुळले आणि चोरीच पक्की झाली. येत्या सोमवारी गुलबर्ग्याला वकिलाकडं जाऊन भागी मोडायची, असं हरिओमनं ठरवून टाकलं, आणि राघोबानं मान हलवली. मल्लिकार्जुनला त्यानं कसंबसं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बराबर हाय तुझं. माझं आता वय झालं.” भांडला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी मल्लिकार्जुन डोळे दाखवायला गुलबर्ग्याला गेला होता. गल्ल्यावर राघोबा बसला. हॉटेलातून चहा आला, पाणचट. पूर्वी मल्लिकार्जुन घरच्या म्हशीच्या दुधाची चरवी रोज दुकानात आणायचा आणि मागच्या खोलीत चहा व्हायचा. ते कधी बंद पडलं, राघोबाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आताही त्याला नुसता चहाचाच वैताग आला.

तेवढ्यात उमरग्याकडचे व्याही आले. लेकीचे सासरे. त्यांना मोटारीचा स्टार्टर हवा होता. व्याह्याकडून नफा घ्यायचा म्हणजे लेकीला टोमणे ऐकवायची सोय करणं. राघोबा म्हणाला, “तुमाला घेतल्या भावात देतो.” चिठ्ठीवर अडीच हजार होते. चिठ्ठी उलटायचे कष्ट कशाला, म्हणून त्यानं हरिओमला सांगितलं, “पंचवीस टक्के कमी कर.”

“अठराशे पंच्याहत्तर,” हरिओम म्हणाला.

व्याह्यांनी खिशात हात घातला. सवयीनं राघोबानं चिठ्ठी उलटली. मागं खुणेची अक्षरं होती. घेतल्याचा भाव, दोन हजार.

त्यानं पुन्हा वाचलं. दोन हजारच. दोन हजाराची सव्वाई अडीच हजार, म्हणजे भाव बरोबर लावला होता. मग पंचवीस चढवलेले, पंचवीसच उतरवले, तर खाली सव्वाशेचा खड्डा कुठून आला?

व्याह्यांना त्यानं दोन हजारांत स्टार्टर देऊन वाटेला लावलं आणि फळीवरचा व्हॉल्व्ह काढला. पुढं अडीचशे, मागं दोनशे. पाईपाचा बेंड काढला. पुढं पन्नास, मागं चाळीस. जो माल उचलावा त्याची सव्वाई चोख. एकही चिठ्ठी चुकलेली नव्हती.

“हर्‍या, इकडं ये. ह्या अडीच हजारात आपले किती?”

“पाचशे.”

“पाचशे म्हंजी अडीच हजाराचे किती टक्के?”

हरिओमनं कम्प्युटरकडं हात नेला आणि तो हात मधेच थांबला. त्याचं तोंड उतरलं. पोरगा मठ्ठ नव्हता, घाईचा होता.

“वीस,” तो म्हणाला. “आप्पा, तुमी पंचवीस लावताव ते खरेदीवर. मी काढायलतो ते विक्रीवर. चारावर एक चढवला की पाच होतात. तोच एक चारातला धरला तर पंचवीस टक्के, पाचातला धरला तर वीस. विक्रीत पंचवीस उरायला पायजे असतील तर घेतल्या भावावर तिसरा हिस्सा चढवावा लागतो, तेहतीस टक्के. आपण तर कधीच लावलं न्हाई.”

“म्हंजी चार लाखाच्या विक्रीत…”

“ऐंशी हजारच. तीन लाख वीस हजाराचा माल, वर त्याचा चौथा हिस्सा ऐंशी हजार. बराबर हुतं, आप्पा. पयल्यापासनं बराबर हुतं.”

राघोबाला आधी इतकं हलकं वाटलं की तो हसला. आण्णानं खाल्लं नव्हतं! एक पैसा खाल्ला नव्हता! मग त्याचं हसू तोंडावरच वाळलं. भाव तर अजूनही सव्वाईचेच होते.

“मग गेले दोन महिने लाख कुठनं आलं?”

हरिओमनं कम्प्युटरवर बिलं उघडली. त्यानं दोन्ही महिन्यांत शिल्लक लाख भरली एवढंच पाहिलं होतं, बिलांपेक्षा गल्ल्यात जास्त पैसे का आले हे पाहिलंच नव्हतं. जास्तीच्या पैशाची चौकशी कोण करतो?

राघोबा चप्पल अडकवून निघाला. मल्लिकार्जुनचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात शिरल्यावर त्याची नजर आधी गोठ्याकडं गेली. दावं खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि गव्हाणीत वाळलेला कडबा तसाच पडून होता.

गंगम्मा, मल्लिकार्जुनची बायको, दारात आली. “बसा भावजी. ते आत्ताच आलेत गुलबर्ग्याहून.” ती आत गेली, आणि कात्रीनं दुधाची पिशवी कापल्याचा आवाज आला.

“म्हस कुठं हाय अक्का?” त्याला उत्तर माहीत होतं, तरी त्यानं विचारलं.

“इकली की. तुमाला न्हाई सांगितलं?” ती आतूनच बोलली. “गल्ल्यात तूट यायली म्हणाले. माझ्या हातानं हुयलीय, मीच भरणार म्हणाले. भावजी, रोज रात्री बसून नोटा मोजतेत, जुन्या चिठ्ठ्या काढून बघतेत. मला म्हणतेत, गंगम्मा, माझं डोकं चालंना झालंय, कुणाला जास्त पैसे परत द्यायलोय तेबी आठवंना.”

मल्लिकार्जुन बाहेर आला. डोळ्यांत औषध घातल्यामुळं त्याला नीट दिसत नव्हतं. तो भिंत धरत आला आणि राघोबाच्या शेजारी टेकला. “डोळे चांगलेत म्हणाले डाक्टर. मग डोक्याचंच असंल. सोमवारी येतो मी, कुठं सही करायची तिथं करतो.”

“आण्णा, तू चुकला न्हाईस.” राघोबानं अंगणातले चार खडे उचलून ओट्यावर ओळीनं मांडले आणि मल्लिकार्जुनचा हात धरून त्यांच्यावर फिरवला. “हे घेतल्याचे चार.” पाचवा ठेवला. “हा आपला एक. चारावर एक चढवला, ती आपली सव्वाई. आता सगळे मोज.”

मल्लिकार्जुननं बोटांनी चाचपून मोजले. “पाच.”

“पाचात आपला एक. शंभरात वीस. हर्‍या पाचाला चार समजून पंचवीस मागायलता. तूट नव्हतीच, आण्णा. कधीच नव्हती.”

मल्लिकार्जुन पुन्हा पुन्हा खडे चाचपत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते औषधाचं की कशाचं, कळायला मार्ग नव्हता. “म्हंजी माझं डोकं ठीक हाय?”

“ठीक हाय.”

“गंगम्मा, ऐकलीस का गं? माझं डोकं ठीक हाय!” लहान लेकरासारखा तो आत ओरडला. कैक महिन्यांनी त्याचा आवाज असा मोकळा निघाला होता.

“पैसे सगळे परत देतो,” राघोबा घाईनं म्हणाला. “म्हस आणू. सोमवारचं काही न्हाई. भागी मोडायची न्हाई.”

“असू दे रं. लेकरू हाय हरिओम, चुकतंय.” मल्लिकार्जुननं पाचवा खडा उचलून मुठीत धरला. मग न दिसणारे डोळे राघोबाच्या दिशेला वळवून तो अगदी सहज, खात्रीनं म्हणाला, “पर तुला तर माहीत हुतंच न्हवं, मी खाल्लो न्हाई म्हणून?”

गंगम्मानं चहाच्या कपबशा आणून दोघांच्या मधे ठेवल्या. बशीत ओतताना चहा सांडला, आणि राघोबा फडक्यानं ओटा पुसत राहिला.