ओळ दोनशे चौदा

सर्वेक्षणाचं निमंत्रण लिहायला मला एरवी वीस मिनिटं लागतात. यंदा तीन दिवस गेले. ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ एवढं टाइप केलं की गेल्या वर्षीच्या शीटमधली दोनशे चौदावी ओळ डोळ्यांपुढे यायची: ‘शीतगृहाचं दार आतून उघडताना मूठ अडकते. दोनदा सांगितलं.’

मी मनुष्यबळ विभागात आहे. गेल्या वर्षी ती ओळ मी वाचली होती. शीतगृहात माणसं चार. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल आम्ही वेगळा दाखवत नाही, म्हणजे कोण काय बोललं ते साहेबांना ओळखता येत नाही. नियम चांगलाच आहे. मी त्या चौघांना गोदामाच्या आकड्यांत मिसळलं आणि ती ओळ ‘इतर’ या रकान्यात टाकली. ‘इतर’ कुणी उघडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कॅन्टीनच्या खुर्च्यांवर मात्र मी अख्खी स्लाइड केली.

चार महिन्यांनी मफलर आत अडकला. त्या चौघांतला एक, बारा महिने मफलर गुंडाळायचा म्हणून ते नाव. दोन मिनिटांचं काम म्हणून उणे वीसच्या थंडीत जाड कोट न घालता गेला आणि मूठ हातात आली. बाकीचे गाड्या उतरवत होते. दार उघडलं तेव्हा दोन तास होऊन गेले होते. तो वाचला नाही.

तेव्हापासून मी घरी न्हाणीघराची कडी लावत नाही. नवरा आधी चेष्टा करायचा, आता नुसता बाहेरून खाकरतो. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त लाज वाटते.

शेवटी निमंत्रण गेलं. निनावी, दहा दिवस मुदत, पाचांचा नियम, सगळं साध्या शब्दांत. सहाव्या दिवशी प्रतिसाद एकोणीस टक्के. मी स्वतः शीतगृहात गेले. तिथल्या मावशी पेट्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या.

“मावशी, भरा ना. नाव कुणाला कळत नाही.”

“नाव कळत नाही ते ठीक आहे, मॅडम,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “लिहिलेलं तरी कळतं का कुणाला?”

मी पायऱ्या चढून परत आले.

मुदत संपली तेव्हा एकतीस टक्के. निकालानंतर कृती आराखड्याचा संदेश पाठवायचा असतो: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही काय करणार, कोण, कधीपर्यंत. मी लिहिलं: दाराची मूठ बदलली आहे, आतून दाबायची घंटा वीस तारखेपर्यंत बसेल, जबाबदारी देखभाल प्रमुखांची. दर सोमवारी दोघं मिळून दार तपासतील आणि सही फलकावर राहील. पाळीत मागितलेला जादा माणूस मात्र सहा महिने मिळणार नाही, कारण भरती थांबलेली आहे. छोट्या गटांच्या सुरक्षेच्या तक्रारी यापुढे आकड्यांत मिसळणार नाहीत. गटाचं नाव न लावता त्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याकडे जातील.

आणि खाली: ‘दाराबद्दल गेल्या वर्षीच एकानं लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि पुढे पाठवलं नाही.’

साहेबांनी ते वाक्य खोडलं. “हे कंपनीचं वाक्य नाही.”

“मग माझ्या नावानं जाऊ द्या.”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे.” मी ते वाक्य माझ्या नावानं परत घातलं आणि संदेश पाठवला.

दुपारी मावशी वर आल्या. या मजल्यावर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातात संदेशाची छापील प्रत. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

“हे तुम्हाला कुणी लिहिलं होतं, माहितीये?”

“निनावी असतं, मावशी. पण... मफलरनं असणार.”

“त्याला कुठं लिहिता येत होतं धड? मी लिहिलं.”

मी आठ महिने एका मेलेल्या माणसाची क्षमा मागत होते. लिहिणारी बाई खालच्या मजल्यावर चिठ्ठ्या लावत होती.

“मला वाटायचं, माझं चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. “शेवटचं बटण दाबलं नसेल. पोचलंच नसेल. रोज तेच. आज कळलं, पोचलं होतं.”

“मावशी, मला माफ—”

“थांबा. मॅडम, तो देखभालवाल्यांकडे तिसऱ्यांदा निघाला होता, भांडायला. मीच अडवलं.” कागदाची घडी करत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “म्हटलं, भांडू नकोस. मी वर लिहून दिलंय. ते वाचतात.”