तीन सेकंद हलू नका

पैज लावून सांगतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसूच नये. माझा स्वतःचा बसायला दोन वर्षं लागली, आणि मी तर तिथे हजर होतो.

चाळीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. ‘श्वास धरा, हलू नका’ म्हणत निम्म्या गावाची लग्नं जुळवली. टकलावर केस उगवून दिले, रुसलेल्यांना हसवलं. शेवटी स्टुडिओ बंद केला आणि भाचीने हातात फोन दिला. म्हटलं, चला, हत्ती गेला, शेपटाशी खेळू.

त्या सणाच्या संध्याकाळी आमची आक्का महिनाभराने इस्पितळातून घरी आली होती. छातीचं ऑपरेशन. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “जखम भरतेय, पण बाईंनी हातपाय गाळलेत. जगायचं त्यांनीच मनावर घेतलं पाहिजे.” आक्का जेवेना, बोलेना. परदेशातला तिचा मुलगा फोनवर रडकुंडीला आला, “मामा, आईचा एक चांगला फोटो पाठव. ती बरी आहे हे मला दिसू दे.”

अंगणातल्या जिन्याच्या पायथ्याशी आक्काला खुर्चीत बसवलं. शेजारी दाजी, पाठीशी भाची. पायरीपायरीवर दिवे, कठड्यावर दिवे.

“मामा, अंधार पडतोय. फ्लॅश लाव,” भाची म्हणाली.

“फ्लॅश? म्हणजे तुमची तोंडं चुना फासल्यासारखी आणि दिवे बिचारे मेल्यासारखे. आकाशात निळं आहे तोवर हलू नका, बस्स!”

लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसली. फोन समोरच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट टेकवला. पडद्यावर ज्योतीवर बोट ठेवलं, शेजारी उमटलेला तो उजेड कमी-जास्त करायचा चिमुकला सूर्य खाली ओढला. पांढरे गोळे झालेले दिवे पुन्हा ज्योती झाले. बटण दाबताना हात हलू नये म्हणून टायमर लावला. अंधारात फोन तीन सेकंद बघत राहतो आणि पाहिलेलं सगळं एकावर एक रचतो. तेवढ्यात जो हलला तो धूर झाला.

पहिल्या फोटोत तिघेही थोडे धूरच होते. पण जिन्याच्या वरच्या टोकाला एक बाई उभी होती. कात्रीने कापून चिकटवल्यासारखी रेखीव. हातात विझलेला दिवा.

मान वर केली. जिना रिकामा.

“काय झालं रे?” दाजींनी विचारलं.

“तुम्ही हललात,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या फोटोत ती अर्धा जिना उतरली होती. तिच्या मागच्या पायऱ्यांवरचे सगळे दिवे फोटोत विझलेले. डोळ्यांसमोर मात्र तेच दिवे तेवत होते. दाजी पुसट, भाची पुसट. आक्का मात्र आता पुसट नव्हती.

चाळीस वर्षांत मी एकही जिवंत माणूस तीन सेकंद पुरता स्थिर पाहिलेला नाही. श्वास धरला तरी पापणी हलते, मान डुलते. कुठेतरी धूर होतोच. आणि मी मूर्ख, आक्कालाच सांगत होतो, “हलू नकोस! अगदी हलू नकोस!” ती ऐकत होती. माझंच की आणखी कुणाचं, देव जाणे.

तिसऱ्या फोटोत बाई खुर्चीच्या मागे होती. तिचा हात आक्काच्या खांद्यावर. आणि आक्काच्या पदराची सुरकुती न् सुरकुती, कपाळावरची बट न् बट अशी लख्ख, की स्टुडिओत दिवे लावूनही मला कधी तसा फोटो काढता आला नव्हता.

आता चौथा निघाला तर आक्का जाते, हे मला कळलं. न काढला तर बाई तिथेच राहते, हेही कळलं. मग मी आयुष्यात केलं नाही ते केलं. टायमर लावला, आकडे उलटे पळू लागले आणि ऐन वेळी ओरडलो, “आक्के, दाजींनी लग्नाच्या फोटोसाठी मिश्या माझ्याकडून रंगवून घेतल्या होत्या, काजळाने!”

आक्का खदखदून हसली. फोटोत तिचा नुसता ढग आला. बाई नव्हती. दिवे सगळे पेटलेले. आणि आक्काने महिन्याभरात पहिल्यांदा खायला मागितलं. माझ्या एका विनोदाने...

“थापाड्या!” इतका वेळ कोपऱ्यात गप्प ऐकत बसलेली आक्का कडाडली. “विनोद कसला करतोस? तुझी दातखीळ बसली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि मी मुळी हसलेच नाही. माझ्या मागून, अगदी खांद्याशी कुणीतरी हसलं, आपली पोर नव्हे, म्हणून मी दचकून वळले.”