जनीचा खालचा सूर

जवळ या बायांनो, एक गोष्ट सांगते. मुरुडच्या आमच्या ख्रिस्ती देवळात गायनमंडळ होतं. बायकांत उंच आवाजाच्या सोप्रानो, त्या चाल गात; खालच्या आल्टो, त्या साथ देत. पुरुषांत टेनर आणि सगळ्यांत खाली बास. नवी आलेली जनी कोकिळा नावाच्या मैत्रिणीच्या भरवशावर आली. "सोप्रानोत शेजारी उभ्या राहू," असा कोकिळेचा शब्द होता.

गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी जनीचा आवाज पारखायला पेटीवर एकेक सूर चढवला. जनी ओढूनताणून वर पोचली. तोच कोकिळा म्हणाली, "मास्तर, तिला खाली उतरवून बघा की."

खाली जनीचा आवाज भरून आला. मास्तर म्हणाले, "आल्टो!"

जनी कोकिळेला म्हणाली, "चाल तू गाणार, नि मी नुसती साथ? शब्द दिलावतास ना गं?"

"तुझा गळा फाटला असता, बाये."

"तर मला आधी सांगायचंस. चारचौघांत न्हाय."

जनी आल्टोतच गायली, पण कोकिळेशी पुन्हा कधी बोलली नाही. भजनात चालीखालचा सूर ऐकाल, तेव्हा जनीला आठवा.