दुसऱ्या बॅचचा कागद

माझी बायको रुक्मिणी गेली ती माघात. कोकमं पिकायला अजून दोन महिने होते. मी आगळ करणार की नाही, असं कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. एप्रिलमध्ये झाडाखाली कोकमं पडायला लागली तेव्हा मी टोपली घेऊन गेलो, एवढंच.

आगळ ती करायची. पिकलेली कोकमं फोडून मीठ घालून पिंपात ठेवायची, रोज लाकडी दांड्याने ढवळायचं, आठवड्याने रस गाळून घ्यायचा. त्या रसाला आगळ म्हणतात. त्यात पाणी नाही, रंग नाही. सोलकढीला तेच लागतं. घराच्या मागच्या पडवीत आम्ही वर्षाला हजार-बाराशे लिटर काढायचो. मी फोडायचो, उचलायचो, कॅन भरून बाजारात न्यायचो. मिठाला मात्र तिचा हात. मी तिचं सगळं पाहिलेलं होतं. एका पिंपाला किती करवंट्या मीठ लागतं ते मला पाठ होतं. तेवढंच मी घातलं.

पावसाळा संपल्यावर सावंतवाडीच्या डॉमिंगोने बोलावलं. डॉमिंगो हॉटेलांना किराणा आणि मसाले पुरवतो. सावंतवाडीपासून गोव्यातल्या काही हॉटेलांपर्यंत त्याची गाडी जाते. गेली दोन वर्षं तो रुक्मिणीकडून थोडं थोडं आगळ न्यायचा. आता त्याला एका हॉटेलवाल्याच्या आठ स्वयंपाकघरांसाठी एकच पुरवठादार ठरवायचा होता. महिनाअखेर ठरणार होतं. ते काम मिळालं तर पडवीतली पिंपं पुढच्या वर्षीही चालणार होती. नाही मिळालं तर कोकमं विकून टाकून मी अक्षयाकडे कुडाळला राहायला जायचं, असं तिचं आणि माझं बोलणं झालं होतं. अक्षया आमची मुलगी. तिचं सासर कुडाळला, नोकरीही तिथेच.

डॉमिंगोने मागितलं ते एक पान. तो त्याला शीट म्हणतो. त्याने मला सांगितलं की शेफ उभ्या उभ्या वाचतो, दुसरं पान उलटत नाही. पानावर तीन गोष्टी हव्यात. माल नेमका काय आहे, तो तसाच आहे याला पुरावा काय, आणि आवडला तर पुढे काय करायचं. पानावर दर घालू नकोस, तो बदलतो, विचारतील तेव्हा वेगळा दे.

अक्षयाने पहिलं पान केलं त्यावर अर्धी जागा तिच्या आईच्या फोटोला होती. खाली लिहिलं होतं, आईच्या हातची चव. मला ते बघवलं नाही, पण छान वाटलं. डॉमिंगोने ते फोनवर पाहिलं. मग म्हणाला, "बाबली, माका राग नको धरू. ह्यो फोटो तुज्या घरात लाव. शेफाक मीठ किती ता सांग."

अक्षयाने दुसरं पान केलं. आता त्यावर घटक होते: कोकम आणि मीठ. आंबटपणाचा आकडा होता, मिठाचं प्रमाण होतं. पाच लिटरचे खाद्य प्लास्टिकचे कॅन, कारण आंबटाला पत्रा चालत नाही. उघडला नाही तर एक वर्ष टिकतं. किमान मागणी दहा कॅन, मागणीनंतर चार दिवसांत सावंतवाडीत पोच. अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक होता. ती नोंदणी एप्रिलमध्येच अक्षयाने माझ्या नावावर करून घेतली होती. शेवटी मोबाईल नंबर आणि एक ओळ: नमुन्याची पाव लिटरची बाटली हवी असल्यास स्वयंपाकघराचं नाव आणि पत्ता पाठवा.

पुरावा म्हणून तिने कोल्हापूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. मीठ १२.८ टक्के. अहवाल गेल्या वर्षीच्या जुलैचा होता. रुक्मिणीनेच नमुना पाठवला होता.

मी म्हटलं, हा तर तिच्या आगळाचा.

अक्षया म्हणाली, झाडं तीच, पिंपं तीच, करवंटी तीच. मग आगळ वेगळं कसं असेल? नवीन तपासणीला आठ-दहा दिवस जातील आणि महिनाअखेर जवळ आली. तिचं चुकत नव्हतं. मी तो अहवाल तसाच राहू दिला.

पुराव्यात आणखी एक ओळ हवी होती, आगळ कोण वापरतं त्याची. सुशीलाची तारकर्लीला खानावळ आहे. रुक्मिणीची ती मैत्रीण, आणि तीन वर्षं आमचंच आगळ घेते. तिचं नाव घालायचं तर तिला विचारायला हवं, म्हणून मी पान घेऊन गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. तिने मला जेवायला बसवलं, पान वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"माजा नाव घाल," ती म्हणाली. "पण भावजी, हो आकडो ह्या वर्साचो नाय."

मी विचारलं, कशावरून?

"ह्या वर्साचा आगळ खारट आसा. मी कमी घालतंय. मग कढीक रंग येना नाय, गिरायक म्हणतत पाणी घातलास."

एप्रिलपासून सहा महिने ती हे आगळ वापरत होती. प्रत्येक कॅन मीच नेऊन दिला होता. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"कसा सांगू? तुज्या घरात वरीस पण झाला नाय. त्या माणसाक जावन सांगू, तुज्या हाताक मीठ कळना नाय म्हणान?"

मग तिनेच सांगितलं, देवळाकडच्या दुकानदारालाही कळलं होतं. शेजारच्या महादूलाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षाच्या आत त्या घरात जाऊन कुणी उणं काढत नाही. सगळ्यांनी माझ्या आगळात आपापल्या घरी काहीतरी करून घेतलं होतं आणि मला बरं झालंय म्हणून सांगितलं होतं.

मी घरी आलो. करवंटी काढली, अक्षयाने आणलेला वजनकाटा काढला. रुक्मिणी शिरोड्याच्या मिठागराचं खडे मीठ वापरायची. मीठवाला फेब्रुवारीत येतो. त्याला निरोप ती द्यायची, मी दिला नव्हता. मी एप्रिलमध्ये दुकानातून पुडीचं बारीक मीठ आणलं होतं. पडवीत तिच्या वेळच्या गोणीच्या तळाशी थोडे खडे राहिले होते. ते करवंटीत भरून तोलले, दोनशे दहा ग्रॅम. मग बारीक मीठ तोललं, दोनशे ऐंशी. खड्यांच्या मध्ये फट राहते, बारीक मीठ दाबून बसतं. करवंटी तीच होती, हे अक्षयाचं खरं होतं.

मी काटा बंद केला नाही. बराच वेळ तो आकडा पाहत बसलो. रुक्मिणी सहज ओतायची असं मला वाटायचं. मोजून नाही, हाताने. आणि ती मोजतच होती, फक्त तिचं माप करवंटी आणि ते खडे मीठ मिळून होतं.

सकाळी मी शिल्लक असलेल्या, मेमध्ये केलेल्या दुसऱ्या बॅचचा नमुना कोल्हापूरला पाठवला आणि मग अक्षयाला फोन केला. ती चिडली. तिने विचारलं की कुणी विचारणार आहे का तारीख. मग म्हणाली, "बाबा, आईचो आकडो बरो आसा म्हणान तर आमका काम मिळतला. तो काढून टाकलास तर तिचा काय रवला त्या पानावर?"

मी एवढंच म्हटलं, "तिचा नाव घालून माजा आगळ विकूक माका जमाचा नाय."

ती रडली. नंतर तिने विचारलं, नवीन अहवाल कधी येईल?

मधल्या दिवसांत मी सुशीलाच्या स्वयंपाकघरात बसलो. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण घेतलं. ती सवयीने नारळाच्या रसात आगळ घालायची आणि वर चमचाभर मीठ टाकायची. मी म्हटलं, आगळ पहिल्याएवढंच घाल, मीठ टाकूच नको. एक लिटर नारळाच्या रसाला साठ मिली. पहिल्यांदा तिने सवयीने मीठ टाकलंच, ती कढी फेकावी लागली. दुसऱ्यांदा रंग आला. ती वाटीभर प्यायली आणि तिने मान हलवली. मग वाटी पुन्हा भरली.

अहवाल नवव्या दिवशी आला. मीठ १६.४ टक्के. आंबटपणा जवळपास मागच्याएवढाच. अक्षयाने तिसरं पान केलं. बॅच क्रमांक दोन, महिना मे, अहवालाचा क्रमांक आणि तारीख, मीठ १६.४. त्याखाली वापर: एक लिटर नारळाच्या रसाला साठ मिली, वरून मीठ घालू नये. सुशीलाचं नाव आणि तिच्या खानावळीचा नंबर, तिला विचारून.

मी छापलेली पानं घेऊन सावंतवाडीला गेलो. डॉमिंगोने गोदामात उभं राहूनच वाचलं. मग अक्षयाने त्याला पाठवलेल्या दुसऱ्या पानाचा फोटो फोनवर काढून दोन्ही शेजारी धरली.

"मीठ चौदाच्या आत असूक होया असा तेंनी म्हटल्यानी हा," तो म्हणाला. "आदल्या पानावर होता तर. ता कित्या काढलंस?"

मी त्याला सगळं सांगितलं. करवंटी, गोणी, काटा, सुशीला. शेवटी तो म्हणाला की आठही स्वयंपाकघरं तो मला देऊ शकत नाही. त्यांचा खरेदीवाला आकडा बघतो आणि बाजूला ठेवतो. पण आठांतल्या तीन ठिकाणचे शेफ स्वतः चाखून ठरवतात. तो त्यांना पान देईल. जमलं तर पुढच्या मोसमात उरलेल्यांचं बघू, तेव्हा मीठ तोलून घाल.

त्याने एकच दुरुस्ती सांगितली. वापराची ओळ वर आण, मिठाच्या आकड्याला लागून. आकडा वाचून शेफ थांबतो, त्याच क्षणी त्याला उपाय दिसला पाहिजे.

अक्षयाने ओळ वर घेतली. पुढच्या आठवड्यात तीन बाटल्या गेल्या. दोन ठिकाणांहून काही कळलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या शेफबाईचा सकाळी फोन आला. जेनिस म्हणून. शुद्ध मराठीत बोलत होती, म्हणून मीही तसाच बोललो. तिने विचारलं, किती दिवस ढवळता, सालं केव्हा काढता, मीठ कोणतं. मी सांगितलं, या वेळी पुडीचं, पुढच्या वेळी शिरोड्याचं, तोलून. तिने पाच कॅन मागितले. पानावर दहा लिहिलेत, मी म्हटलं, पण पहिल्या खेपेला पाच देतो.

मग ती म्हणाली, "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?"

"बायकोकडून."

"त्यांच्याशी बोलता येईल का? मला अजून थोडं विचारायचं आहे."

मी म्हटलं, ती नाही. फेब्रुवारीत गेली.

मग ती म्हणाली, "तर मग तुम्हीच सांगा. मी लिहून घेते."

मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.