कुटाराचे वाफे

मुदतीचा शेवटचा दिवस आला की घरातल्या माणसांना नेमके प्रश्न सुचतात. जानेफळच्या निवृत्तीरावांच्या घरी त्या डिसेंबरच्या दुपारी तेच झालं.

त्यांची मंजुश्री बीएस्सी ॲग्री झालेली. आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात ॲग्रॉनॉमीच्या एमएस्सीसाठी अर्ज करत होती. अर्जासोबत दोन पानांची एसओपी लागते. हे शिक्षण मला कशाला हवं, आजवर मी काय केलं, पुढे काय करणार, हे त्यात आपलं आपणच पटवून द्यायचं. महिनाभर घासूनपुसून लिहिलेली ती दोन पानं लॅपटॉपवर उघडी होती. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, तर आई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "लिहलं काय ते आमाले बी सांग नं."

मंजुश्री कौतुकानं सांगू लागली. एसओपीचा सगळा जीव गेल्या रब्बीतल्या तिच्या प्रयोगात होता. हरभऱ्याचे सहा वाफे. तीन वाफ्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, अंथरून एकच पाणी दिलं, तीन उघडे ठेवून दोनदा दिलं. उतारा सारखाच आला. म्हणजे कुटारानं एक पाणी वाचवलं.

"एकच?" अन्नपूर्णाबाई हसल्या. "तू परीक्षेले बुलढाण्याले गेली व्हती, तवा यायनं देलं नं कुटारातल्या वाफ्यायले पाणी."

मंजुश्रीनं बापाकडे पाहिलं. निवृत्तीरावांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट शाबासकीची वाट होती. "घाट्यायत दाणे भरायचा टाइम व्हता बाई, अन् झाडं माना टाकून राह्यली व्हती. तुह्यं पीक डोयादेखत वाळू देऊ का?"

"बाबा, ते वाळते का नाही, हेच तं पाहाचं व्हतं मले!"

ती एवढ्या जोरानं ओरडली की आईच्या हातातली कपबशी खडखडली. बापावर असं ओरडल्याची तिला लगेच लाजही वाटली. पण रागही काही थोडाथोडका नव्हता. वर्षभर ज्या प्रयोगाची टिमकी वाजवली, तो प्रयोग झालाच नव्हता.

"आता कोणाले माहीत हाय?" निवृत्तीराव नरमले. "जर्मनीचा माणूस काय जानेफळले चौकशीले येते?"

"मले माहीत झालं ना आता."

तिनं कॉलेजच्या पद्मजा मॅडमना फोन लावला. शिफारसपत्रात त्यांनी याच प्रयोगाची तारीफ केली होती आणि ते पत्र कधीच अपलोड झालं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिकडे दुरुस्तीचा मेल मी टाकते. लाज वाटेल, पण टाकते. तुझं पान मात्र तुलाच लिहावं लागेल. आणि मंजुश्री, याच्यामुळे नंबर हुकूही शकतो, हे धरून चाल."

साडेतीन वाजले होते. मंजुश्रीनं मधला अख्खा भाग खोडला. निवृत्तीराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"माह्यं नाव घालशीन का त्यात?"

"नाव नाही. वडील म्हणून लिहीन."

"लोकायच्या पोरी बापाचं चांगलं लिहतात," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. हे मात्र तिला लागलं. डोळे भरून आले, पण हात थांबवले नाहीत. रडायला वेळ कुठे होता!

पावणेपाचला ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली आणि नवीन भाग मराठीत वाचू लागली. "माझा प्रयोग फसला. वडिलांनी मला न सांगता त्या वाफ्यांना एकदा पाणी दिलं. चूक माझी होती. डोळ्यांसमोर पीक वाळताना शेतकरी काय करेल, हे मी प्रयोग आखताना त्यांना विचारलंच नव्हतं. पीक किती सुकेपर्यंत थांबायचं आणि पाणी कधी द्यायचंच, हे शेतकऱ्यासोबत आधी ठरवून शेतावरचे प्रयोग कसे करावेत, ते मला शिकायचं आहे."

निवृत्तीराव खाली मान घालून ऐकत होते. तिनं बटणाकडे बोट नेलं.

"थांब," ते म्हणाले. "एकदा नाही. दोनदा देलं."

"बाबा!"

"आता खरं लिहूनच राह्यली, तं पुरं लिही."

तिनं 'एकदा' खोडून 'दोनदा' केलं आणि बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग अर्ज पोचल्याचा निरोप आला. नंबर लागणार की नाही, ते देवालाच ठाऊक.

निवृत्तीरावांनी कंबरेच्या करदोट्याची गाठ सोडून चावी काढली. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीची ही चावी त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. ती त्यांनी लॅपटॉपवर ठेवली.

"यंदाचा हरभरा महिन्याचा झाला. उद्या कुटार टाक. अन् चाबी तुह्यापाशीच राहू दे, माह्या हाताचा भरोसा नाही."